यंत्र मनाचं ऐकतं का? पी-व्हॅल्यूचा निकाल आणि बेजचा निकाल

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १९७९ साली रॉबर्ट जान यांनी एक वेगळीच प्रयोगशाळा सुरू केली. जान काही बुवाबाजीतले गृहस्थ नव्हते. ते तिथल्या अभियांत्रिकी शाखेचे डीन होते. माणसाने नुसतं मनात आणलं तर यंत्राच्या वागण्यात फरक पडतो का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी वापरलेलं यंत्र इलेक्ट्रॉनिक गोंगाटातून यादृच्छिक आकडे काढायचं. प्रत्येक वेळी दोनच शक्यता, जणू छापा किंवा काटा. समोर बसलेल्याने यंत्राला हातही लावायचा नाही, फक्त इच्छा करायची, की आकडे अमुक बाजूला झुकू देत.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकडेवारीतला एक संच संख्याशास्त्रज्ञांच्या चांगलाच परिचयाचा झाला. एकूण कौल १०,४४,९०,०००. त्यातले इच्छेप्रमाणे पडलेले ५,२२,६३,४७१. निव्वळ योगायोग असता तर निम्मे, म्हणजे ५,२२,४५,००० अपेक्षित होते. १८,४७१ जास्त आले. लाखामागे हिशोब केला तर जेमतेम अठरा.

नेहमीच्या पद्धतीने या आकड्यांचं काय होतं ते आधी बघू. इतक्या कौलांत योगायोगाने होणारा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे ५,१११ भरतं. १८,४७१ ला त्याने भागलं की ३.६ येतात. सरासरीपासून ३.६ विचलनं किंवा त्याहून दूर, कुठल्याही बाजूला, जाण्याची शक्यता ०.०००३. हीच पी-व्हॅल्यू. शोधनिबंधांत ०.०५ खाली आली तरी लोक खूश होतात, इथे तर ती दीडशे पटींनी लहान आहे. मग मन यंत्र हलवतं, असं मानायचं का?

१९९० मध्ये टेक्सास विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ विल्यम जेफ्रिस यांनी हाच संच घेतला आणि प्रश्न वेगळा विचारला. पी-व्हॅल्यू काढताना आपण एकच गृहीतक हातात धरतो: योगायोग. ते खरं मानून, आलेला निकाल ‘किंवा त्याहून टोकाचा’ निकाल किती दुर्मीळ, एवढंच मोजतो. यातल्या ‘त्याहून टोकाचा’ या भागात जे निकाल जमेला धरले जातात, ते घडलेलेच नाहीत. आणि दुसऱ्या गृहीतकाचं तर नावच निघत नाही. योगायोगाच्या मते हा निकाल दुर्मीळ आहे, हे मान्य. पण प्रतिस्पर्ध्याच्या मते तो त्याहूनही दुर्मीळ असला तर? जेफ्रिस यांनी दोघांनाही विचारलं: नेमका हाच निकाल, ५,२२,६३,४७१, येण्याची तुमच्या मते शक्यता किती?

योगायोगाचं उत्तर सोपं आहे. त्याच्या मते प्रत्येक कौल बरोबर ५० टक्के, त्यामुळे द्विपद सूत्रात आकडे घातले की झालं. उत्तर येतं सुमारे ८८ लाखांत एक. एवढीशी शक्यता बघून दचकायचं कारण नाही. दहा कोटींवर वेगवेगळे निकाल शक्य असताना कुठल्याही एका नेमक्या निकालाच्या वाट्याला फार काही येत नाहीच.

दुसऱ्या गृहीतकाची गोष्ट अवघड. ‘यंत्रावर परिणाम होतो’ असं ते म्हणतं, पण किती ते सांगत नाही. प्रमाण ५०.०१ टक्के होईल की ६० की ९०? त्यामुळे शक्यता काढायची तर आधी वेगवेगळ्या प्रमाणांवर आपला विश्वास वाटून द्यावा लागतो, मग प्रत्येक प्रमाणाच्या मते या निकालाची शक्यता किती ते काढून त्या सगळ्यांची सरासरी घ्यावी लागते. ही सरासरी म्हणजे मार्जिनल लाइकलीहूड. जेफ्रिस यांनी आधी सर्वांत भाबडी वाटणी करून पाहिली: ० ते १०० टक्क्यांमधलं कुठलंही प्रमाण सारखंच शक्य. अशा वाटणीत हिशोब आश्चर्यकारक सोपा होतो. शून्यापासून १०,४४,९०,००० पर्यंत प्रत्येक निकाल समान शक्यतेचा निघतो. म्हणजे आपल्या निकालाची शक्यता १०,४४,९०,००१ मध्ये एक.

आता दोन्ही समोरासमोर ठेवा. योगायोगाच्या मते ८८ लाखांत एक, परिणामाच्या मते साडेदहा कोटींत एक. गुणोत्तर सुमारे १२, आणि तेही योगायोगाच्या बाजूने! या गुणोत्तराला बेज फॅक्टर म्हणतात. ज्या आकड्यांवर पी-व्हॅल्यूने योगायोगाला जवळजवळ फाशी सुनावली होती, त्याच आकड्यांनी त्याला बारा पटीने निर्दोष ठरवलं.

हे होतं कसं? प्रत्येक गृहीतकाला एकच रुपया दिलाय असं समजा. तो त्याने शक्य असलेल्या सगळ्या निकालांवर आधीच लावून ठेवायचा. योगायोगाने आपले जवळजवळ सगळे पैसे निम्म्याच्या आसपासच्या तीसेक हजार निकालांवर लावले. खरा निकाल त्या ढिगाच्या कडेला, पैसे विरळ झालेत अशा जागी पडला. परिणामवाल्याने मात्र रुपया ० ते १०० टक्क्यांवर सारखा पसरला. त्याचे बहुतेक पैसे अशा जागी गेले जिथे निकाल फिरकलाच नाही. संदिग्ध गृहीतकाला मिळणारा हा दंड वेगळा लावावा लागत नाही, सरासरी घेण्यातच तो वसूल होतो.

नमुना जितका मोठा, तितका हा दंड जड. पी-व्हॅल्यू तीच ठेवून कौल फक्त १०,००० घेतले, तर अपेक्षित ५,००० च्या जागी साधारण ५,१८१ यश यावं लागेल. तोच हिशोब तिथे लावला तर बेज फॅक्टर परिणामाच्या बाजूने सुमारे पावणेनऊ निघतो. म्हणजे ०.०००३ हा एकच आकडा, पण लहान प्रयोगात तो परिणामाकडे बोट दाखवतो आणि अवाढव्य प्रयोगात योगायोगाकडे. डेनिस लिंडली यांनी १९५७ मध्ये हा पेच नीट मांडला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. पी-व्हॅल्यूसोबत कौलांची संख्या वाचायची सवय नसलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, आणि माझ्या अनुभवात अशी माणसं बरीच आहेत.

एवढ्यावर थांबलो तर मात्र ती चलाखी होईल. ० ते १०० टक्के ही वाटणी कोणाची होती? जान यांच्या गटातलं कोणीही ९० टक्क्यांचा दावा करत नव्हतं. परिणाम असलाच तर बारीक, असंच त्यांचं म्हणणं होतं. मग परिणामवाल्याचा रुपया ४९.९ ते ५०.१ टक्के एवढ्याच पट्ट्यात पसरू. या पट्ट्यात सुमारे २ लाख ९ हजार निकाल बसतात, त्यामुळे आपल्या निकालाची शक्यता होते २ लाख ९ हजारांत एक. योगायोग अजून ८८ लाखांवरच उभा आहे. आता बेज फॅक्टर ४२, परिणामाच्या बाजूने. पट्टा ४९ ते ५१ केला तर ४.२. आणि पट्टा साधारण ४५.८ ते ५४.२ पर्यंत रुंदावला की काटा मधोमध येतो. त्याहून रुंद केला की योगायोग जिंकायला लागतो.

आकडे तेच, उत्तर १२ पट इकडे की ४२ पट तिकडे हे ठरतंय पट्ट्याच्या रुंदीवर. बेजवाल्यांच्या पद्धतीवरचा हा सर्वांत खरा आक्षेप आहे. प्रिन्स्टनच्या गटातल्या यॉर्क डोबिन्स यांनी १९९२ मध्ये दिलेल्या उत्तरात वाद याच वाटणीवरून घातला होता. प्रमाण किती, एवढंच शोधायचं असतं तर हा प्रश्न छळत नाही. कुठलाही वाजवी पट्टा घ्या, उत्तर ५०.०१८ टक्क्यांच्या जवळच येतं, कारण दहा कोटी कौलांपुढे सुरुवातीचा अंदाज धुऊन जातो. मार्जिनल लाइकलीहूडमध्ये तो धुऊन जात नाही. पट्टा दहापट रुंद केला की सरासरी दहापट घसरते, कौल कितीही वाढवा.

मग पट्टा ठरवायचा कसा? निकाल बघून नाही, हे पहिलं. बघून ठरवायचं म्हटलं तर परिणामवाला आपला सगळा रुपया नेमका ५०.०१७७ टक्के या प्रमाणावर लावेल आणि बेज फॅक्टर ६८६ च्या घरात नेईल. या आकड्यांतून परिणामाच्या बाजूने निघू शकणारा हा जास्तीत जास्त पुरावा. तो कामाचा आहे, पण मर्यादा म्हणून: कितीही लबाडी केली तरी याच्या पुढे जाता येत नाही. प्रामाणिक पट्टा आधीच्या प्रयोगांतून यायला हवा, आणि तो एकच न देता दोन-तीन पट्ट्यांची उत्तरं शेजारी-शेजारी छापावीत. त्यांत निकालाची बाजूच बदलत असेल, जशी इथे बदलते, तर या आकड्यांनी काही ठरवलेलं नाही असं वाचकाने खुशाल समजावं.

अजून एक पायरी उरते. बेज फॅक्टर म्हणजे पुराव्याचं वजन, निकाल नव्हे. निकालासाठी सुरुवातीचे, म्हणजे प्रायर, ऑड्स लागतात. पुरावा बघण्याआधी एका गृहीतकावर दुसऱ्याच्या किती पट विश्वास होता, ते हे ऑड्स सांगतात. पुरावा बघितल्यानंतरचे ते पोस्टीरिअर:

पोस्टीरिअर ऑड्स = प्रायर ऑड्स × बेज फॅक्टर

ज्याला सुरुवातीला दोन्ही गृहीतकं समसमान वाटत होती, तो ४२ चा पट्टा मान्य केल्यावर ४२ विरुद्ध १ असा परिणामाकडे झुकेल. ज्या भौतिकशास्त्रज्ञाला मनाने यंत्र हलतं याच्या विरुद्ध एक लाखास एक वाटत होतं, तो तेच ४२ स्वीकारून साधारण २,४०० विरुद्ध १ वर येईल. त्याचं मत हललं, भरपूर हललं, पण बाजू बदलली नाही. ६८६ ची कमाल सवलत दिली तरी तो १४६ विरुद्ध १ वर थांबतो. दोघे एकाच पुराव्याने एकाच पटीत हलले, आणि कोण कुठून निघाला हे उघड्यावर लिहिलेलं राहिलं. मला ही पद्धत आवडते ती यासाठी. पी-व्हॅल्यूमध्येही माणसाचा पूर्वग्रह असतोच, तो ०.०५ पुरे की ०.००१ हवं, या वादात लपून बसतो.

या हिशोबाचं एक कुंपण मात्र विसरू नये. तो फक्त समोर ठेवलेल्या दोघांमधला आहे. यंत्राच्या सर्किटमध्येच लाखामागे अठराचा कल असेल, किंवा नोंदी ठेवताना काही बैठका गळल्या असतील, तर ते तिसरं गृहीतकही ५०.०१८ टक्क्यांचं भाकीत तितक्याच सहजतेने करेल. त्याच्या आणि मनःशक्तीच्या मार्जिनल लाइकलीहूडमध्ये काही फरक पडणार नाही, आणि प्रायर ऑड्स तर त्याच्याच बाजूने झुकलेले असतील. यंत्र बनवणाऱ्यांनी कल काढून टाकायची काळजी घेतली होती, पण लाखात अठरा ही पातळी अशी आहे की काळजी पुरेशी होती हे आकड्यांतून सिद्ध करता येत नाही.

तिथून पुढे जायचं तर नवा प्रयोग लागतो, आणि पट्ट्याचा वादही तिथेच मिटतो. पहिल्या प्रयोगाने परिणामवाल्याला पट्टा विकत घेऊन दिलेला आहे: परिणाम असलाच तर त्याच आकाराचा, त्याच दिशेचा. आता त्याचा रुपया लांबवर पसरायचं निमित्त उरलं नाही, आणि चुकला तर पळवाटही नाही. प्रिन्स्टनच्या गटाने जर्मनीतल्या फ्रायबुर्ग आणि गीसन इथल्या गटांबरोबर नेमकी अशी पुनर्तपासणी केली. २००० साली तिचे निकाल आले, तेव्हा अपेक्षित आकाराचा मुख्य परिणाम दिसला नव्हता. प्रिन्स्टनची प्रयोगशाळा २००७ मध्ये बंद झाली.