कूलोम बलाचं उत्तर तपासणं

स्थिर चार्जमधलं बल काढून झालं की तीन गोष्टी वेगवेगळ्या पडताळाव्या लागतात: आकडा किती, दिशा कुठली, आणि कुठला चार्ज धन, कुठला ऋण. फ्रेंच इंजिनियर कूलोमने १७८५ मध्ये तारेला किती पीळ पडतो ते मोजून जो नियम मांडला, F = k·q₁·q₂/r², तो दिसतो एका ओळीचा, पण पेपरात मार्क जातात ते बहुतेक वेळा याच तीन गोष्टींची सरमिसळ झाल्याने.

एक उदाहरण घेऊ, सगळं त्यावरच बघता येतं. एका सरळ रेषेत डावीकडून अ हा +४ मायक्रोकूलोम, त्याच्या उजवीकडे ३० सेंमीवर ब हा −३, आणि अ पासून ५० सेंमीवर क हा +२. म्हणजे ब आणि क मध्ये २० सेंमी.

आधी आकडा. एक माप डोक्यात ठेवायचं, १ मायक्रोकूलोमचे दोन चार्ज १ मीटरवर असले तर बल ०.००९ न्यूटन, साधारण एक ग्रॅम वजनाएवढं. मग अ-क साठी ४ गुणिले २ म्हणजे आठपट, ०.०७२, आणि अंतर मीटरच्या निम्मं म्हणून चौपट, ०.२८८ न्यूटन, झालं, कॅल्क्युलेटर लागलाच नाही. तसंच अ-ब १.२ आणि ब-क १.३५ येतं. एकाच चार्जचा मायक्रो लिहायचा राहिला तर अ-क चं उत्तर २,८८,००० न्यूटन येतं, जवळपास २९ टनांचं वजन, इतकं की बघताक्षणी संशय यायला हवा. सेंमीचे मीटर करायचे राहिले तर उत्तर दहा हजारपट लहान येतं, आणि हे जास्त फसवं, कारण छोटा आकडा कुणाला खटकत नाही. वर्ग करायचा राहिला तर अजून अवघड, ब-क चं १.३५ ऐवजी ०.२७ येतं आणि ते अगदी शहाण्यासारखं दिसतं, ते फक्त वरच्या मापाशी ताडूनच पकडता येतं.

आता दिशा, खरा घोळ इथेच. चार्जची चिन्हं सूत्रात घातली की उत्तराला जे चिन्ह येतं ते ओढणं की ढकलणं एवढंच सांगतं, डावीकडे की उजवीकडे ते सांगत नाही. क वरचं बल काढताना ही चूक लपून जाते: अ कडून +०.२८८, ब कडून −१.३५, बेरीज −१.०६२, उजवी बाजू धन धरली तर बल डावीकडे, आणि हे बरोबरही आहे! पण ते बरोबर आलं कारण अ आणि ब दोघंही क च्या डावीकडे आहेत. हीच पद्धत मधल्या ब ला लावा, −१.२ आणि −१.३५, बेरीज −२.५५, साफ चूक. ब ला अ डावीकडे ओढतो आणि क उजवीकडे, म्हणजे खरं बल १.३५ वजा १.२, फक्त ०.१५ न्यूटन, उजवीकडे. म्हणून आकडा काढताना चिन्हं बाजूला ठेवायची आणि बाण आकृतीवर हाताने काढायचे, सजातीय तर लांब, विजातीय तर जवळ. बाण नेहमी ज्याच्यावरचं बल विचारलंय त्याच्यावरच, हे पण बघायचं.

वेळ असेल तर तिन्ही चार्जवरची बलं काढून बेरीज करावी. अ वर ब कडून १.२ उजवीकडे, क कडून ०.२८८ डावीकडे, म्हणजे ०.९१२ उजवीकडे. मग ०.९१२ अधिक ०.१५ वजा १.०६२, बरोबर शून्य, कारण प्रत्येक जोडीतली दोन बलं समान आणि विरुद्ध असतात. माझ्या मते यासारखी दुसरी तपासणी नाही, −२.५५ वालं उत्तर यात लगेच उघडं पडतं. पण सगळंच पकडलं जातं असं नाही, एखाद्या जोडीत ओढण्याऐवजी ढकलणं धरलं आणि दोन्हीकडे तसंच धरलं तर बेरीज शून्यच राहणार, वर्ग राहिला तरी तेच.

राहिलं चिन्ह. इथे अदलाबदल करून बघायची. फक्त क ऋण केला तर क वरचं १.०६२ तेवढंच राहून उजवीकडे वळायला हवं. तिन्हींची चिन्हं उलटी केली तर मात्र एकही बाण हलता कामा नये, आणि म्हणूनच उलटा प्रश्न आला, बलं दिली आणि चार्ज ओळखा म्हटलं, तर निदान एका चार्जचं चिन्ह आधी माहीत असावंच लागतं. ते दिलेलं नसेल तर अ धन, ब ऋण, क धन हे जितकं बरोबर तितकंच अ ऋण, ब धन, क ऋण हेही बरोबर, आणि दोन्ही लिहायची.