औषधाची एक्स्पायरी आणि उन्हाळ्याचा हिशेब

औषधाच्या पाकिटावर दोन मजकूर असतात. एक ठळक, म्हणजे एक्स्पायरीची तारीख. दुसरा बारीक अक्षरात: '३० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात, कोरड्या जागी, प्रकाशापासून दूर ठेवा.' आमच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर बहुतेक जण पहिला मजकूर वाचतात आणि पाकीट पिशवीत टाकतात. खरं तर पहिला मजकूर दुसऱ्याच्या भरवशावर छापलेला असतो. सांगितलेल्या तापमानात ठेवलं, तरच त्या तारखेपर्यंत औषधाची हमी असते.

ही तारीख अंदाजाने ठरत नाही. कंपनी औषधाचे नमुने ठराविक तापमान आणि दमट हवा असलेल्या कपाटांत महिनोन्‌महिने ठेवते आणि ठराविक अंतराने तपासते की मूळ घटक किती उरला, त्याचे तुकडे पडून नवे पदार्थ किती तयार झाले. घाईची चाचणी ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने चालते. खरी, लांब पल्ल्याची चाचणी त्या प्रदेशाच्या हवामानाप्रमाणे २५ किंवा ३० अंशांना होते. बऱ्याच गोळ्यांमध्ये मूळ घटक लेबलवरच्या प्रमाणाच्या निदान ९० टक्के असावा लागतो, आणि शेवटच्या तारखेपर्यंत तो त्याखाली जाणार नाही असं दिसलं तरच ती तारीख छापली जाते.

आता उष्णतेचं काय होतं ते पाहू. औषध बिघडणं ही बहुतेक वेळा साधी रासायनिक क्रिया असते आणि अशा क्रियांचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. ढोबळ मानाने दर १० अंशांना तो दुप्पट ते तिप्पट होतो. समजा, ३० अंशांसाठी तारीख ठरवलेली एक गोळी खिडकीजवळच्या कपाटात आहे. तिथे दिवसाचे सहा तास ४५ अंश आणि उरलेले अठरा तास ३० अंश असतात. साधी सरासरी काढली तर ३४ अंशांच्या आसपास येते, फार काही वाटत नाही. पण त्या सहा तासांत बिघडण्याचा वेग तिप्पट ते पाचपट असतो. दिवसभराचा हिशेब केला तर गोळीचं वय एका दिवसात जवळपास दीड ते दोन दिवसांनी वाढतं. असा तीन महिन्यांचा उन्हाळा गेला, की औषधाच्या लेखी साडेचार ते सहा महिने गेलेले असतात. रात्री गारवा आला म्हणून दुपारचं नुकसान भरून निघत नाही. वेग कमी होतो, इतकंच.

तारखेला अजून दीड वर्ष असेल तर अशा एका उन्हाळ्याने फारसं बिघडत नाही. घाबरून सगळा डबा रिकामा करायची गरज नाही. तारीख दोन-तीन महिन्यांवर आली असेल, तर मात्र हिशेब तुमच्या बाजूचा नाही. उन्हात उभी राहणारी गाडी हे आणखी वेगळं प्रकरण आहे. बाहेर ३५ अंश असताना बंद काचांच्या आत तासाभरात ५० च्या पुढे पारा जातो, डॅशबोर्डवर त्याहूनही वर. गाडीतल्या कप्प्यात कायमची ठेवलेली औषधं ही माझ्या मते सर्वांत वाईट जागी ठेवलेली औषधं.

अ‍ॅस्पिरिनवर हे नाकाने कळतं. ओलावा आणि उष्णता मिळाली की त्याचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होतं. दुसरं म्हणजे व्हिनेगरमधला आंबट घटक. बाटलीचं झाकण उघडल्यावर तसा उग्र वास आला, तर तारीख कितीही लांब असो, ती बाटली वापरू नये. म्हणूनच न्हाणीघरातलं आरशामागचं कपाट औषधांना अजिबात चालत नाही: आंघोळीची वाफ तिथे रोज पोहोचते. स्वयंपाकाच्या शेगडीवरची फळीही तशीच. त्यापेक्षा आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं बंद कपाट बरं, मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. पण अगदी छताला लागून नको, गरम हवा वरच साचते.

मग सगळंच फ्रिजमध्ये का ठेवू नये? कारण तिथली दमट हवा गोळ्या-कॅप्सूलना मानवत नाही, आणि काही सिरपांत गारव्याने साखर किंवा औषधाचे खडे जमतात. लेबलवर '२ ते ८ अंश' लिहिलं असेल तेच फ्रिजमध्ये.

त्यातलं सर्वांत नाजूक उदाहरण इन्सुलिनचं. ते प्रथिन असल्यामुळे वर सांगितलेला दुप्पट-तिप्पटचा ढोबळ नियम त्याला लावता येत नाही. न उघडलेली कुपी किंवा पेन २ ते ८ अंशांत मधल्या फळीवर ठेवावं. फ्रिजच्या दारात तापमान सारखं खाली-वर होतं आणि बर्फाच्या कप्प्याला टेकलं तर ते गोठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी टाकून द्यावं. प्रवासात बर्फाच्या पिशवीला ते थेट चिकटवू नये, मध्ये कापडाचा जाड थर असू द्यावा. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण २५ किंवा ३० अंशांखाली. नेमका आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. पारदर्शक इन्सुलिन गढूळ झालं किंवा त्यात कण दिसले तर ते बिघडलं. दुधाळ प्रकार तळहातांत हळू फिरवल्यावर एकसारखा दिसायला हवा. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटला तर तोही बाद. मात्र उष्णतेने ताकद कमी झालेलं इन्सुलिन स्वच्छही दिसू शकतं. पेन तापल्याची शंका असेल आणि नेहमीच्या डोसवर साखर वर जात असेल, तर पेन बदलण्याविषयी लगेच विचारा.

तारीख वाचताना एक गोंधळ नेहमीचा. '०८/२०२७' एवढंच छापलेलं असेल तर औषध ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत चालतं. तसंच गोळ्या काढताना पट्टी तारखेच्या उलट टोकाने कापत जा, म्हणजे शेवटची गोळी संपेपर्यंत तारीख हातात राहते. शिवाय ती तारीख न उघडलेल्या पाकिटाची असते. डोळ्यांत घालायच्या बऱ्याच थेंबांच्या बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांत बाद होतात. पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक सिरप प्रकारानुसार सात ते चौदा दिवसांत. बाटली उघडली त्याच दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहा.

चिकट झालेल्या कॅप्सूल, डाग पडलेल्या किंवा चुरा होणाऱ्या गोळ्या, तळाशी बसलेला आणि हलवूनही न मिसळणारा सिरपचा थर, वितळून पुन्हा घट्ट झालेली सपोझिटरी: अशी औषधं दुकानात परत घेऊन या. येताना ती कुठे आणि साधारण किती वेळ तापली हे सांगा, म्हणजे आम्हाला ठरवता येतं. रक्तदाब, हृदय, फिट किंवा मधुमेहाचं औषध असेल, तर शंका आली म्हणून डोस परस्पर बंद करू नका. आधी फोन करा आणि त्याच दिवशी नवीन पाकीट घ्या.