विमा पॉलिसीचा बॉण्ड हरवलाय आणि मॅच्युरिटी जवळ आलीय? अर्ज असा लिहा

आमच्याकडे येणारे बरेच जण आल्याआल्या म्हणतात, बॉण्ड सापडत नाहीये, आधी डुप्लिकेट काढून द्या. मॅच्युरिटी दोन-तीन महिन्यांवर असेल तर बहुतेक वेळा त्याची गरज नसते. डुप्लिकेटची फी आणि वेगळी प्रोसेस असते, आणि इथे तर पॉलिसी संपतच आलीय. इंडेम्निटी बॉण्ड दिला की साधारण काम होतं, म्हणजे मूळ बॉण्ड घेऊन उद्या दुसरं कोणी पैसे मागायला आलं आणि कंपनीचं नुकसान झालं तर ते आम्ही भरून देऊ, अशी स्टॅम्प पेपरवरची हमी. कंपनीचा स्वतःचा नमुना असतो, तोच वापरा, स्टॅम्प किती रुपयांचा आणि हमीदार लागतो का हे ब्रँचलाच विचारा.

पण त्याआधी एक बघा, बॉण्ड खरंच हरवलाय की कुठे तारण आहे? पॉलिसीवर लोन काढलं असेल किंवा होम लोनसाठी ती बँकेच्या नावे असाइन केली असेल तर बॉण्ड त्यांच्याकडेच पडलेला असू शकतो. लोन फिटलं तरी पॉलिसी परत आपल्या नावे करून घ्यायचं राहून जातं, आणि मग पैसे अडकतात.

समजा 2005 साली घेतलेली 20 वर्षांची पॉलिसी आहे, हप्ते सगळे भरलेत, बॉण्ड घर बदलताना गेला. मग अर्ज सर्व्हिसिंग ब्रँचच्या, म्हणजे आपल्या पॉलिसीचं काम बघणाऱ्या शाखेच्या, मॅनेजरच्या नावे, साधारण असा:

"माझी पॉलिसी क्र. ___ दि. ___ रोजी मॅच्युअर होत आहे. मूळ बॉण्ड घर बदलताना गहाळ झाला असून शोध घेऊनही सापडला नाही. ही पॉलिसी मी कोणाकडेही गहाण ठेवलेली नाही, असाइन केलेली नाही व तिच्यावर कर्ज बाकी नाही. बॉण्ड नंतर सापडल्यास मी तो परत करीन. कृपया मॅच्युरिटीची रक्कम घेण्यासाठीचा डिस्चार्ज फॉर्म व इंडेम्निटी बॉण्डचा नमुना द्यावा आणि रक्कम माझ्या सोबत दिलेल्या बँक खात्यात जमा करावी."

"गहाण नाही" हे वाक्य विसरू नका, पण खरं असेल तरच लिहा. बॉण्ड कसा गेला तेही अर्जात आणि इंडेम्निटीत सारखंच हवं, एकीकडे घर बदलताना आणि दुसरीकडे चोरी असं लिहिलं की प्रश्न सुरू. चोरीच असेल तर पोलीस तक्रारीची कॉपी जोडा.

पॉलिसी नंबर आठवत नसेल तर जुन्या प्रीमियमच्या पावतीवर असतो. सोबत पॅन, आधार आणि नाव छापलेला कॅन्सल्ड चेक. वीस वर्षांत सही बदललेली असते हा हमखास घोळ, तेव्हा ब्रँचमध्ये स्वतः जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावाही द्या.

अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का आणि तारीख घ्या. कागद पूर्ण असूनही कंपनीकडून उशीर झाला तर विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमानुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटपेक्षा 2 टक्के जास्त दराने व्याज मिळतं, आणि ते मागायची वेळ आली तर हाच शिक्का कामी येतो.