लहान मुलांचा इसब

कोरडे, खरखरीत आणि खाजरे चट्टे पुन्हा पुन्हा उठणे हे लहान मुलांच्या इसबाचे लक्षण. त्वचेचा वरचा थर पाणी धरून ठेवू शकत नाही, हे त्याचे मूळ. पुष्कळदा घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असते. तान्ह्या बाळांत हा गालांवर दिसतो, मोठ्या मुलांत कोपरांच्या घड्यांत आणि गुडघ्यांच्या लवणीत. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही.

दमट मुंबईतही इसब भडकतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने खाज वाढते. डिसेंबर-जानेवारीत हवा जरा कोरडी होते आणि नेमके तेव्हाच गीझरचे कढत पाणी सुरू होते. अंघोळ रोज घालावी, पण कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. साबणाऐवजी सौम्य, बिनवासाचा क्लेन्झर वापरावा. डाळीच्या पिठाचे उटणे आणि मोहरीचे तेल टाळलेले बरे. आजीचा आग्रह असला तरी. अंग टॉवेलने टिपून, ते ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे आणि दिवसातून निदान आणखी एकदा. बहुतेक घरांत कमी पडते ते इथेच: अंगभर लावायचे तर लहान मुलाला आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम लागते. छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर ते नीट लावले जात नाही.

लाल, भडकलेल्या चट्ट्यांवर डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मलम लागते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती मोठ्यांच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. समजा, चार वर्षांच्या मुलाच्या दोन्ही कोपरांचे चट्टे मिळून एक पंजा आणि दोन्ही लवणींचे मिळून एक पंजा भरतात. मग दिवसातून एकदा एक रेघ पुरे, म्हणजे दहा दिवसांत पाच ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपली तर मलम जास्त लावले जाते आहे. उलट, भीतीपोटी पुसटसे लावले की चट्टा महिनोन्‌महिने रेंगाळतो. लाली गेली तरी हाताला खरखर लागते तोवर इसब शमलेला नसतो. त्यामुळे मलम कधी थांबवायचे, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्यावे.

चेहरा, पापण्या आणि लंगोटाखालची जागा यांची त्वचा पातळ असते. तिथे सौम्य मलमच, तेही थोडेच दिवस. अंगावरचे तीव्र मलम तिथे चोळत राहिल्यास त्वचा विरते आणि बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. डोळ्यांजवळ वापरल्यास डोळ्यांतील दाब वाढू शकतो.

केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेले मिश्र मलम हा वेगळाच धोका. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असते. चट्टा प्रत्यक्षात नायटा असेल, तर स्टेरॉइडने लाली दबते, पण बुरशी पसरत राहते आणि तिचे नेहमीचे गोल रूप हरवल्याने निदान चुकते.

पिवळट खपली धरली किंवा पाणी झिरपू लागले, तर जंतुसंसर्ग समजून डॉक्टरांना दाखवावे. एकसारखे, कोरून काढल्यासारखे दुखरे व्रण झपाट्याने उठून ताप आला, तर तो नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.