स्लाइडवरील आकडे : टक्केवारी, मूळ संख्या आणि पूर्णांकन

सादरीकरणाच्या स्लाइडवर एखादी मोजणी टक्क्यांत दाखवावी, मूळ संख्येत दाखवावी की दोन्ही द्यावीत, आणि आकडा किती दशांश स्थळांपर्यंत किंवा कोणत्या एककापर्यंत गोल करावा, याविषयीची पद्धत. बोलण्यात ‘राउंड ऑफ करणे’ म्हणतात त्याला येथे पूर्णांकन म्हटले आहे. एका दशांशापर्यंत गोल करणेही त्यातच धरले आहे. हे दोन्ही निर्णय एकमेकांत गुंतलेले असतात. दोन्हींच्या आधी एक तिसरा निर्णय घ्यावा लागतो आणि बहुतेक चुका तिथेच होतात : टक्केवारीचा छेद कोणता?

गोव्यात यासाठी हाताशी असलेले उत्तम उदाहरण म्हणजे १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. हा दिवस आता ‘अस्मिताय दिस’ म्हणून पाळला जातो. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे, एवढाच प्रश्न होता. संघप्रदेशाची निशाणी दोन पाने होती आणि विलीनीकरणाची फूल. नोंदलेले मतदार ३,८८,४३२ होते. पडलेली मते ३,१७,६३३. त्यांपैकी दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली, ७,२७२ मते बाद झाली. नमुना पाहणीचा अंदाज नव्हे, तर एकेक मतपत्रिका मोजून आलेले हे आकडे आहेत, म्हणून पूर्णांकनाचे गुणदोष त्यांत स्वच्छ दिसतात.

संघप्रदेशाच्या बाजूने किती टक्के? वैध मतांचा छेद घेतला तर ५५.५, पडलेल्या सर्व मतांचा घेतला तर ५४.२ आणि नोंदलेल्या मतदारांचा घेतला तर ४४.३. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. चुकीचे आहे ते ‘५५ टक्के गोमंतकीयांनी संघप्रदेशाला कौल दिला’ हे शीर्षक. गोमंतकीय या शब्दात मुलेही येतात, मतदानाला न गेलेलेही येतात; शिवाय तेव्हा मताचा अधिकार २१ वर्षांवरील व्यक्तींनाच होता. ‘वैध मतांपैकी’ हे दोन शब्द शीर्षकात टाकले की वाक्य खरे होते. छेद तळटीपेत ढकलण्याची सवय सर्रास दिसते, पण मागच्या रांगेतल्या माणसाला तळटीप वाचता येत नाही. त्याच्यासाठी शीर्षक हीच स्लाइड असते.

मूळ संख्या ‘किती जण’ हे सांगते, टक्केवारी ‘त्यांतला केवढा वाटा’ हे सांगते. दोन पर्यायांची तुलना करायची असेल तर स्तंभावर टक्केवारी ठळक असावी. विजयाचे अंतर सांगायचे असेल तर मतेच हवीत, कारण ३४,०२१ मतांचा फरक हे वाक्य ऐकणाऱ्याला गावागावांतून मोजता येते, तसे ‘११ टक्क्यांचा फरक’ मोजता येत नाही. शिवाय हे ११ टक्केबिंदू आहेत, टक्के नव्हेत : मतांच्या हिशेबाने दोन पाने फुलाच्या पुढे जवळजवळ २५ टक्क्यांनी होती. दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी केली की उत्तराला टक्केबिंदू म्हणावे. शब्द अवजड आहे खरा, पण त्याच्याशिवाय ११ की २५ असा घोळ स्लाइडवरच उभा राहतो.

छेद लहान असला की टक्केवारी फसवी होते. गोवा विधानसभेत ४० जागा आहेत, म्हणजे एक आमदार २.५ टक्क्यांचा. २०१७ च्या निवडणुकीत २ महिला निवडून आल्या, २०२२ मध्ये ३. ‘महिला आमदारांत ५० टक्के वाढ’ हे गणिताने खरे आहे आणि त्यातून दिसणारे चित्र साफ खोटे. येथे ‘४० पैकी ३, पूर्वी २’ एवढेच लिहावे. लोकसभेच्या तर गोव्यात दोनच जागा, तिथे टक्केवारीचा विचारही करू नये. ढोबळ नियम असा की एका व्यक्तीचे वजन एका टक्क्यापेक्षा जास्त होत असेल, म्हणजे छेद शंभराच्या आत असेल, तर दशांश लावू नये. छेद वीस-तीसच्या आसपास असेल तर फक्त ‘इतक्यांपैकी इतके’ लिहावे. तीस पर्यटकांना विचारून ‘४३.३ टक्के समाधानी’ लिहिणारा खरे तर तेरा माणसांविषयी बोलत असतो. नमुना पाहणीत आणखी एक मर्यादा असते : ४०० जणांच्या यादृच्छिक नमुन्यातही, नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीवर, अनिश्चितता सुमारे ५ टक्केबिंदू इतकी राहते. दशांशानंतरचा आकडा तिथे नुसती सजावट ठरतो. जनमत कौलाची गोष्ट वेगळी, ती पूर्ण मोजणी होती.

पूर्णांकनाकडे वळू. पडलेल्या मतांचा छेद घेऊन पूर्ण टक्के लिहिले तर संघप्रदेश ५४, विलीनीकरण ४३, बाद २. बेरीज ९९. सभेत कोणीतरी हे हमखास पकडते आणि मग चर्चा कौलावरून हरवलेल्या एका टक्क्यावर जाते. त्यामुळे पुष्कळ जण विलीनीकरणाचे ४३ चे ४४ करून बेरीज जुळवतात. त्याला एक आधारही सापडतो : विलीनीकरणाचा वाटा दोन दशांशांपर्यंत लिहिला तर ४३.५० येतो आणि साडेत्रेचाळीसचे चव्वेचाळीस होतात. पण तो ४३.५० स्वतःच गोल केलेला आहे. १,३८,१७० भागिले ३,१७,६३३ याचे उत्तर ४३.४९९९ टक्के येते, म्हणजे साडेत्रेचाळीसच्या केसभर खाली. मूळ भागाकारावरून थेट पूर्ण टक्का काढला तर ४३ च येतात.

याला दुहेरी पूर्णांकन म्हणतात. एक्सेलमध्ये ते असे दिसते :

```
=ROUND(138170/317633*100, 0)             43
=ROUND(ROUND(138170/317633*100, 1), 0)   44
```

दुसरी ओळ मुद्दाम कोणी लिहीत नाही. पण अहवालात ४३.५ छापलेले असते, स्लाइड करणारा ते पाहून ४४ टाकतो, आणि ती ओळ अजाणता लिहिली जाते. वैध मतांच्या छेदात तर ही चूक दुसऱ्या बाजूला घडते. तिथे खरे वाटे ५५.४८ आणि ४४.५२ आहेत, एका दशांशात ५५.५ आणि ४४.५. या दशांशांवरून पुन्हा गोल केले की ५६ आणि ४५ होतात आणि बेरीज १०१ येते. एका टक्क्याने जास्त किंवा कमी भरणारी बेरीज एकेरी पूर्णांकनातही येते, तेव्हा ती पाहून दुहेरी पूर्णांकन झाले असे लगेच म्हणता येत नाही. खात्री करायची तर मूळ संख्यांवरून भागाकार पुन्हा करावा. दुसरा मार्ग नाही. मूळ संख्या स्लाइडवर कोपऱ्यात तरी द्याव्यात, याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

बेरीज १०० आणण्याची एक पद्धतशीर वाटही आहे : सर्व वाटे खालच्या पूर्णांकावर आणायचे आणि उरलेला टक्का ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा त्याला द्यायचा. आपल्या उदाहरणात ५४, ४३ आणि २ झाल्यावर उरलेला एक टक्का विलीनीकरणाला जातो, म्हणजे पुन्हा ४४. जागावाटपासाठी ही पद्धत योग्य आहे, कारण तिथे अर्धी जागा देता येत नाही. टक्क्यांना तशी अडचण नाही. एक दशांश ठेवला की ५४.२, ४३.५ आणि २.३ यांची बेरीज बरोबर १०० होते, कोणाच्या वाट्याला हात लावावा लागत नाही. दशांश ठेवूनही बेरीज जुळत नसेल, तर ‘पूर्णांकनामुळे बेरीज १०० येत नाही’ एवढी ओळ पुरे.

किती गोल करावे याचे उत्तर आकड्यात नसते, जो फरक दाखवायचा त्यात असते. मते लाखांत एका दशांशाने लिहिली तर १.७ लाख आणि १.४ लाख होतात. प्रेक्षक वजाबाकी करून ३० हजारांचा फरक काढतो आणि चार हजार मते नाहीशी होतात. १.७२ आणि १.३८ लिहिले तर ३४ हजार नीट निघतात. पूर्ण टक्क्यांतही तेच : ५५ आणि ४५ यांत १० चे अंतर दिसते, प्रत्यक्षात ते ११ च्या अगदी जवळ आहे. म्हणून फरक नेहमी मूळ संख्यांवरून काढावा आणि शेवटी एकदाच गोल करावा. दाखवलेले दोन आकडे आणि त्यांचा फरक एकमेकांशी जुळत नसतील, तर एक दशांश वाढवावा.

तयार स्लाइड मग अशी होते. शीर्षकात ‘वैध मतांपैकी’. दोन आडवे स्तंभ, त्यांवर ५५.५ आणि ४४.५ टक्के ठळक, आणि बाजूला लहान अक्षरांत १,७२,१९१ व १,३८,१७०. खाली एका ओळीत : वैध मते ३,१०,३६१, बाद ७,२७२, मतदान ८१.८ टक्के. पूर्ण आकडे उच्चारायचे नसतात. ‘एक लाख बहात्तर हजार एकशे एक्क्याण्णव’ म्हणेपर्यंत श्रोता खिडकीबाहेर बघू लागतो; वक्त्याने ‘पावणेदोन लाखांच्या जरा आत’ म्हणावे आणि अचूक आकडा डोळ्यांसाठी ठेवावा. निकालपत्र, अंदाजपत्रक किंवा न्यायालयापुढचा तक्ता असेल तर मात्र अचूक संख्येला पर्याय नाही.

राहिला लाख आणि मिलियनचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. तक्त्यात ती 1.46M अशी आली तर मराठी श्रोता मनातल्या मनात भाषांतर करत बसतो, १४.६ लाख लगेच कळते. एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या आलेखात अक्षाच्या `Display units` मध्ये `Millions` ऐवजी `100000` निवडले की अक्ष लाखांत येतो. पूर्ण आकड्यांत स्वल्पविराम लाखाच्या जागी हवा असेल, तर `Format Code` मध्ये हे टाकावे :

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

हा संकेत ऋण आकड्यांना स्वल्पविराम लाखाच्या जागी देत नाही. घट दाखवणाऱ्या तक्त्यात ते आकडे वेगळे तपासावे लागतात.