अंडंसुद्धा न शिजणाऱ्या घरातला पट्टकृमी

"अहो, रिपोर्ट बदललाय तुमचा. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही आणि तुम्ही पट्टकृमी लिहिलंय!"

सदाशिव पेठेतल्या एका आईचा हा फोन. मुलगा सहा वर्षांचा, वजन १६ किलो. महिना-दोन महिने बेंबीभोवती दुखतंय म्हणायचा, मध्येच पातळ शी, जेवणाचं नाव नाही आणि चिडचिड भारी. आजीने निदान कधीच करून टाकलं होतं: जंत. वावडिंग देऊन झालं, शाळेत जंतनाशक दिनाला मिळालेली गोळीही त्याने चघळली. तरी दुखणं होतंच, म्हणून डॉक्टरांनी शी तपासायला आमच्या लॅबमध्ये पाठवलं.

बाईंची शंका रास्त होती. पट्टकृमी म्हटलं की अर्धकच्चं डुकराचं किंवा गाईचं मांस आठवतं, कारण शाळेत तेच शिकवतात. त्या मोठ्या पट्टकृमींना दोन यजमान लागतात. अंडी जनावराच्या पोटात जातात, अळी त्याच्या मांसात वाढते आणि ते मांस माणसाने खाल्लं की आतड्यात कित्येक फुटांचा कृमी तयार होतो. जनावर वगळलं तर साखळी तुटते.

या मुलाच्या पोटातला कृमी मात्र वेगळा होता. त्याचं नाव हायमेनोलेपिस नाना. 'नाना' म्हणजे लॅटिनमध्ये बुटका, आपल्या नाना-काकांशी संबंध नाही. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरला तो १८५१ साली कैरोमध्ये एका मुलाच्या आतड्यात पहिल्यांदा दिसला. लांबी दीड ते चार सेंटिमीटर, रुंदी जेमतेम एक मिलिमीटर. एवढासा जीव, पण माणसांत सर्वांत जास्त आढळणारा पट्टकृमी हाच, आणि तोही मुख्यतः मुलांत. याने मधलं जनावरच काढून टाकलं आहे.

ते कसं, हे बघण्यासारखं आहे. एक अंडं मुलाच्या तोंडातून लहान आतड्यात पोचतं. तिथे कवच फुटून सहा बारीक आकड्यांची अळी बाहेर पडते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे इवले इवले उंचवटे असतात, अन्नरस शोषणारे. अळी त्यांतल्या एकात घुसते आणि चार-पाच दिवस तिथेच मुक्काम करते. याच मुक्कामात तिचं सिस्टिसरकॉइड होतं, म्हणजे डोकं आत ओढून घेतलेली पिल्लू-अवस्था. दुसऱ्या पट्टकृमीला याच कामासाठी डुक्कर किंवा गाय लागते. इथे आतड्यातला तो एक उंचवटाच गाईचं काम करतो. मग उंचवटा फोडून पिल्लू परत पोकळीत येतं, डोकं बाहेर काढतं, थोडं पुढे जाऊन आतड्याला चिकटतं आणि वाढू लागतं. अंडं पोटात गेल्यापासून साधारण दोन ते चार आठवड्यांत शीमध्ये नवी अंडी दिसू लागतात.

आणि ही अंडी ताजी पडतात तीच संसर्ग करायला तयार! जंताच्या अंड्यांना सहसा मातीत पिकायला काही आठवडे लागतात, इथे तो अवधीच नाही. संडासहून आलेल्या मुलाचं नख, ते नख तोंडात, झालं. बाहेर ही अंडी दहा दिवसांपलीकडे टिकत नाहीत, पण त्यांना एवढा वेळ हवाय कुणाला?

याहून वाईट म्हणजे काही अंडी बाहेर पडतच नाहीत. कृमीचे पिकलेले खंड आतड्यातच विरघळतात, अंडी मोकळी होतात, तिथेच फुटतात आणि अळ्या शेजारच्याच उंचवट्यात घुसतात. मोठा कृमी जगतो चार-सहा आठवडे, पण त्याचं घराणं त्याच मुलात वर्षानुवर्षं नांदू शकतं. एखाद्या मुलात यातली किती अंडी हातावरून आली आणि किती आतल्या आत फुटली, हे वेगळं काढता येत नाही.

मग प्रत्येक मुलाचं आतडं कृमींनी भरून का जात नाही? उत्तर उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळालं. अळी आतड्याच्या ऊतीत शिरली की शरीराला तिची ओळख पटते आणि पुढच्या अळ्यांना दार बंद होतं. त्यामुळे बहुतेक मुलांत थोडेच कृमी राहतात आणि त्रासही होत नाही. कुपोषणाने किंवा स्टेरॉइडसारख्या औषधाने हा पहारा ढिला पडला की मात्र संख्या शेकड्यांत, क्वचित हजारांत जाते.

बाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "या, दाखवते." त्या खरंच आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडं लंबगोल दिसतं, साधारण ४० मायक्रॉनचं. अशी पंचवीस ओळीत ठेवली तर एक मिलिमीटर भरेल. बाहेर एक पातळ कवच, आत दुसरं, आणि आतल्या कवचाच्या दोन्ही टोकांपासून निघालेले केसासारखे धागे. हे धागेच खूण. उंदरांत राहणाऱ्या याच्या भावाचं अंडं मोठं असतं आणि त्याला धागे नसतात. खंड आतच विरघळत असल्याने शीमध्ये डोळ्यांना काहीही दिसत नाही, त्यामुळे "मी रोज बघते हो, काही नसतं" याला अर्थ नाही. अंडी रोज सारखी पडतही नाहीत. या मुलाचा पहिला नमुना कोराच होता, तिसऱ्या दिवशीच्या दुसऱ्यात सापडली.

शाळेतली गोळी का लागू पडली नाही? ती अल्बेंडाझोलची. गोल जंत आणि अंकुशकृमी यांच्यासाठी ती चांगली, या बुटक्यावर एका गोळीचा भरवसा नाही. इथे लागतं प्राझिक्वांटेल, किलोला २५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला ४००. मोठ्या पट्टकृमींना किलोला पाच-दहा पुरतात. इथे जास्त लागतं, कारण पोकळीतल्या मोठ्यांबरोबर उंचवट्यांत दडलेली पिल्लंही मारायची असतात, आणि तरी काही वाचू शकतात. म्हणून डॉक्टरांनी दहा दिवसांनी दुसरा डोस दिला. हिशोब साधा आहे: वाचलेलं पिल्लू तोवर बाहेर आलेलं असतं, पण त्याने अंडी घालायला सुरुवात केलेली नसते. तारीख दोन-तीन आठवडे पुढे ढकलली की तोच डाव हातचा जातो.

धाकटी बहीण ज्युनियर केजीत. तिला काहीच तक्रार नव्हती, तरी तिचाही नमुना मागवला. धागेवाली अंडी तिच्यातही होती. मग दोघांना एकाच दिवशी औषध दिलं, नाहीतर एक बरा होईपर्यंत दुसरीने त्याला परत दिलं असतं. आईने दोघांची नखं कापली, नखं घासायचा ब्रश बेसिनपाशी ठेवला आणि टॉवेल वेगळे केले.

जाताना बाईंनी विचारलं, "पण आमच्या घरात पहिलं अंडं आलं कुठून?" बहुधा शाळेतल्या दुसऱ्या मुलाच्या हातून. दुसरीही एक वाट आहे, दुर्मिळ पण खरी. पिठात होणारा तांबडा भुंगेरा ही अंडी खातो आणि सिस्टिसरकॉइड त्याच्या पोटात तयार होतं. म्हणजे मधला यजमान या कृमीने पुरता सोडलेला नाही, मिळाला तर चालतो. असा किडा न शिजलेल्या पिठातून नकळत खाल्ला गेला, तर उंचवट्यातला मुक्काम टळतो आणि शरीराला पहिला इशाराच मिळत नाही. उंदरांत तर अशा संसर्गानंतरच आतल्या आत सर्वांत जास्त कृमी वाढलेले दिसले.

"म्हणजे मी शाकाहारी राहूनही किडा खाल्लाच असेन की!" बाई म्हणाल्या आणि हसल्या. एक महिन्याने दोन्ही मुलांचे नमुने कोरे आले. तीन महिन्यांनी पुन्हा आणायला सांगितलंय.