रुखरुख कशी वाजते?

गेल्या महिन्यात दाढ दुखायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "ठणकतंय की ठसठसतंय?" मी म्हटलं, ठसठसतंय, पण गार पाणी लागलं की सणकन कळ जाते. तेवढ्यावरून त्यांनी आरसा नेमका त्या दाढेकडे नेला. घरी येताना लक्षात आलं, की आमच्या बोलण्यातली एकही गोष्ट कानाला ऐकू येणारी नव्हती. ठसठसणाऱ्या दाढेला कान लावला तरी 'ठस ठस' असा आवाज येत नाही. मग या शब्दात तो ठोका आला कुठून?

भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाला हा प्रश्न जरा अडचणीचा आहे. जिनीव्हात शिकवणाऱ्या फर्दिनां द सोस्यूरच्या निधनानंतर, १९१६ मध्ये, त्याच्या व्याख्यानांचं पुस्तक निघालं. त्याचा पायाच असा, की शब्दाचा ध्वनी आणि अर्थ यांच्यात नैसर्गिक नातं नसतं. 'झाड' या ध्वनीत झाडासारखं काही नाही. तेलुगूत 'चेट्टु' म्हणतात, त्यानेही काम भागतं. आवाजांची नक्कल करणाऱ्या शब्दांचं काय, ही शंका त्याने स्वतःच घेतली आणि निकालात काढली. असे शब्द थोडे असतात, प्रत्येक भाषेत वेगळे असतात आणि काळाच्या ओघात झिजतात, असं त्याचं म्हणणं. लॅटिनमध्ये पक्ष्याच्या चिवचिवाटावरून आलेला 'पिपिओ' फ्रेंचमध्ये 'पिजाँ' झाला. त्यात आता कबुतर काही ऐकू येत नाही.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात 'काक' हा शब्द आवाजाची नक्कल असल्याचं सांगितलं, पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळ आढळतं असंही जोडलं, आणि लगेच औपमन्यव या आचार्याचं उलट मत नोंदवलं, की अशी नक्कल मुळी नसतेच. पुढे 'काक' झिजून 'कावळा' झाला. गंमत म्हणजे आपला कावळा आता 'काव काव' करतो.

पण काक काय किंवा पिपिओ काय, दोघांच्या मागे खराखुरा आवाज होता. सोस्यूरच्या मांडणीला खरा त्रास होतो तो आवाज नसलेल्या गोष्टींच्या शब्दांनी. १९३५ मध्ये क्लेमेंट डोक यांनी आफ्रिकेतल्या बांटू भाषांतल्या अशा शब्दांसाठी 'आयडिओफोन' हे नाव रूढ केलं. हालचाल, रूप, स्पर्श, मनाची अवस्था हे सगळं ध्वनीतून जणू रंगवून दाखवणारे शब्द. मराठी व्याकरणात त्यांना 'अनुकरणवाचक' म्हणतात. ते नाव मला तोकडं वाटतं, कारण लखलखण्याचं अनुकरण करायचं म्हटलं तर कशाचं करायचं?

घानामधल्या सिवू भाषेवर काम केलेल्या मार्क डिंगेमान्स यांनी २०१२ मध्ये अनेक भाषा ताडून या शब्दांची एक उतरंड मांडली. तळाशी आवाज, त्यावर हालचाल, मग डोळ्यांना दिसणारं रूप, मग स्पर्श-चव यांसारख्या इतर संवेदना आणि सर्वांत वर मनातल्या भावना. वरच्या पायरीचे शब्द ज्या भाषेत असतात तिच्यात खालच्या पायऱ्यांचेही असतात, उलट मात्र होईलच असं नाही. मराठी थेट वरपर्यंत जाते. खणखण, गरगर, लखलख, चुरचुर आणि शेवटी हुरहूर, तगमग, रुखरुख. यात मराठी एकटी नाही. मरे एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवलं होतं, की असे जोडशब्द हे आर्य आणि द्राविड दोन्ही कुळांतल्या भारतीय भाषांचं सामाईक लक्षण आहे.

आवाज नसताना साम्य कसं साधतं, हे पाहायला आपलं रोजचं बोलणंच घ्या. थेंब 'टपकन' पडला म्हणजे एकदा. 'टपटप' पडले म्हणजे पुन्हापुन्हा, एका लयीत. आंबे 'टपाटप' पडले म्हणजे भराभर, एकामागून एक. आता आवाज काढून टाका. 'गरकन' वळला म्हणजे एकच गिरकी, 'गरगर' फिरला म्हणजे फिरतच राहिला. 'लखकन' वीज चमकली, दागिने 'लखलख' करत होते. इथे शब्द प्रसंगाच्या आवाजाची नव्हे, तर काळातल्या घडणीची नक्कल करतो. एकदाचं एकदा, वारंवारचं वारंवार. ठसठसण्यातला ठोका तिथूनच येतो.

दुसरी युक्ती व्यंजनांची आणि स्वरांची. बांगड्यांची किणकिण, नाण्यांची खणखण, देवळातल्या घंटेची घणघण. नाद जसजसा भारी, तसा इकाराचा अकार झाला आणि शेवटी गळा घुमवून उच्चारायचं घोष व्यंजन आलं. ढगांचंही तसंच. कडकडाट कोरडा आणि तीक्ष्ण, गडगडाट जड आणि लांबवर घरंगळणारा. जपानीतही हीच जोडी सापडते. हलकी वस्तू 'कोरोकोरो' घरंगळते, जड 'गोरोगोरो'.

पण हे साम्य खरंच ध्वनीत असतं, की लहानपणापासून ऐकून ऐकून आपल्याला तसं वाटतं? हे तपासायला परका माणूस लागतो. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये ग्विलिम लॉकवुड आणि सहकाऱ्यांनी जपानी न येणाऱ्या डच लोकांना जपानी आयडिओफोन शिकवले. निम्म्या शब्दांचा अर्थ खरा सांगितला, उरलेल्यांचा नेमका उलटा. म्हणजे मऊ, फुगीर अशा अर्थाच्या 'फुवाफुवा'सारखा शब्द काहींना बरोबर, तर काहींना विरुद्ध अर्थाने शिकायला मिळाला. नंतरच्या चाचणीत खऱ्या अर्थाचे सुमारे ८६ टक्के शब्द बरोबर ओळखले गेले, उलट्या अर्थाचे सुमारे ७१ टक्के. हाच प्रयोग साध्या जपानी विशेषणांवर केला तेव्हा असा फरक दिसला नाही. या दुसऱ्या भागामुळेच मला हा प्रयोग आवडतो. फरक जपानीच्या एकूण नादातून आला असता, तर तो विशेषणांतही दिसायला हवा होता.

त्यातला ७१चा आकडाही मात्र विसरू नये. उलटे अर्थही लोक बऱ्यापैकी शिकलेच. त्याच वर्षी डिंगेमान्स आणि सहकाऱ्यांनी जपानी, कोरियन, सेमाई, सिवू आणि एवे या पाच भाषांतले असे शब्द डच श्रोत्यांना ऐकवले आणि दोन अर्थांतून एक निवडायला सांगितला. निव्वळ नशिबाने ५० टक्के जमतं. लोकांना त्याहून जास्त जमलं, पण थोडंच, आणि सर्वांत बरं जमलं ते आवाजाच्या शब्दांत. उतरंडीच्या तळाशी परका माणूस वाट काढतो, वर मात्र चाचपडतो.

'किकी' आणि 'बूबा' हे दोन निरर्थक शब्द ऐकवून कुठली आकृती कुणाची असं विचारलं, तर लोक सहसा टोकदार आकृतीला 'किकी' आणि गोलसर आकृतीला 'बूबा' म्हणतात, ही जोडीही अनेकांनी ऐकली असेल. २०२२ मध्ये २५ भाषांच्या ९१७ लोकांवर ती तपासली, तेव्हा सुमारे ७२ टक्के जुळण्या अपेक्षेप्रमाणे आल्या. रोमन लिपीतला K टोकदार आणि B गोल, म्हणून असं होतं, हा आक्षेप जुना आहे. पण देवनागरीतला 'क' तर चांगला दोन्ही बाजूंनी गोलाई घेऊन बसलेला असतो! त्या पाहणीत रोमन लिपी न वापरणाऱ्या भाषाही होत्या आणि परिणाम एकंदरीत टिकला. तरी काही भाषांत तो दिसला नाही. नेपाळमधल्या स्युबा भाषकांवर वेगळा प्रयोग झाला, तिथेही तो फसला. ते शब्द स्युबाच्या ध्वनिव्यवस्थेत बसणारे नव्हते, असा संशोधकांचा खुलासा आहे. शब्द आधी आपल्या भाषेतला वाटावा लागतो, साम्य त्यानंतर जाणवतं.

सोस्यूरचा नियम त्यामुळे मोडत नाही. 'लहान' या शब्दात बारीक इकार नाही आणि 'विशाल'च्या पहिल्याच अक्षरात मात्र तो आहे. बहुतेक नाम-विशेषणांत ध्वनी कुठलाही चालतो. 'असे शब्द थोडे असतात' हे त्याचं वाक्य मात्र फ्रेंचपुरतंच राहतं. मराठीत ते दाढेपासून मनापर्यंत पसरलेत.

आणि रुखरुख? एखादा डच माणूस ती ओळखू शकेल असं मला वाटत नाही. त्याला फार तर द्विरुक्तीवरून कळेल, की जे काही आहे ते सारखं परत येतंय.